कागदावरचा एक ठोका

तारापूर औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी सुटते तेव्हा बोईसरच्या रस्त्यांवर चहाच्या टपऱ्या नुकत्याच उघडत असतात. अशाच एका सकाळचा एक कामगार आपण डोळ्यांसमोर आणू. वय अठ्ठेचाळीस. पहाटेपासून छातीच्या मधोमध आणि पोटाच्या वरच्या भागात जड वाटतंय, घाम फुटलाय, दोनदा उलटीसारखं झालंय. सोबतचे म्हणतात, ‘पित्त झालंय, रात्रीचं जागरण आहे.’ एकाला मात्र ते पटत नाही आणि तो त्याला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेतो. हा माणूस कल्पित आहे. पण अशी तक्रार घेऊन येणारी माणसं डॉक्टरांना नवी नाहीत, आणि त्याच्या ईसीजीत पुढे जे दिसेल ते वैद्यकाच्या पुस्तकात जसंच्या तसं सापडतं. म्हणून त्याची पट्टी हातात धरूनच एकेक लाट समजून घेऊ.

आधी तारा लागतात. भारतात सर्रास दिसणाऱ्या रंगसंगतीत लाल चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला आणि काळा उजव्या पायाला लावतात. छातीवर जेली लावून सहा छोटे कप बसवतात. ही तार शरीरात वीज सोडत नाही. हृदयातून उठलेली आणि कातडीपर्यंत पोहोचलेली अतिशय क्षीण वीज ती फक्त मोजते. ही वीज साधारण एक मिलिव्होल्टच्या आसपास असते, म्हणजे घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. त्यामुळे किनारपट्टीच्या दमट हवेत घामाने निसटलेला एक कप, थंडीने किंवा भीतीने थरथरणारा हात, जवळून गेलेली विजेची वायर, यांतलं काहीही पट्टी बिघडवायला पुरतं. अनुभवी तंत्रज्ञ आधी घाम पुसतो, रुग्णाला दोन्ही हात सैल सोडायला सांगतो आणि मगच बटण दाबतो.

लाल आणि पिवळ्या चिमट्यांची अदलाबदल ही सर्वांत नेहमीची चूक. ती ओळखताही येते. पट्टीवर ‘लीड एक’ असं लिहिलेल्या ओळीत सगळ्याच लाटा उलट्या, खाली तोंड करून आल्या आणि छातीवरच्या ओळी मात्र ठीकठाक दिसल्या, तर हृदयाला दोष देण्याआधी हातांच्या तारा तपासायच्या.

आता कागद. त्यावर गुलाबी चौकटी छापलेल्या असतात. लहान चौकट एक मिलिमीटरची, अशा पाच मिळून एक मोठी चौकट. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे आडवी एक लहान चौकट ०.०४ सेकंदाची आणि एक मोठी चौकट ०.२ सेकंदाची. उभ्या दिशेने दहा मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. आडवं मोजलं की वेळ कळतो, उभं मोजलं की विजेचा जोर. एका उंच टोकापासून पुढच्या उंच टोकापर्यंत किती मोठ्या चौकटी आहेत ते मोजून ३०० ला त्या संख्येने भागलं की मिनिटाचे ठोके मिळतात. ठोके नियमित पडत असतील तरच हा हिशेब जुळतो. आपल्या कामगाराच्या पट्टीवर दोन टोकांमध्ये सहा मोठ्या चौकटी आहेत. ३०० भागिले ६, म्हणजे ५० ठोके. छातीत दुखणारा, घामाघूम झालेला, घाबरलेला माणूस आणि नाडी ५०? भीतीने नाडी धावायला हवी होती. ही पहिली खूण.

या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं विलेम आइन्थोव्हेन या डच शास्त्रज्ञाने दिली. तो १८६० मध्ये जावा बेटावर जन्मला आणि पुढे नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाला. आधीच्या उपकरणांचा आलेख सुस्त यायचा. त्याने त्या आलेखातल्या टोकांना ए, बी, सी, डी म्हटलं आणि गणिताने दुरुस्त केलेल्या आलेखासाठी पी पासूनची अक्षरं घेतली. पुढे त्याने चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणलेल्या, चांदीचा मुलामा दिलेल्या बारीक क्वार्ट्झ-तंतूचं यंत्र उभं केलं. ते सुमारे २७० किलो वजनाचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. रुग्णाचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवावे लागत. एवढं धूड रुग्णालयात नेणं शक्य नव्हतं, म्हणून १९०५ मध्ये त्याने रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत दीड किलोमीटर टेलिफोनची तार वापरून हृदयाचा आलेख मागवला. १९२४ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. बोईसरच्या दवाखान्यातून पट्टीचा फोटो मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञाच्या फोनवर जातो, तेव्हा तोच दीड किलोमीटर शंभर किलोमीटर झालेला असतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तर मोबाइलला जोडता येणारं, हातात मावणारं टेलि-ईसीजी यंत्रच तयार केलं आहे.

पट्टी डावीकडून उजवीकडे वाचायची. प्रत्येक ठोक्याची सुरुवात एका छोट्या, गोलसर उंचवट्याने होते. ती पी लाट. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या अलिंदात, पेशींचा एक छोटासा पट्टा असतो. तो स्वतःच ठरावीक वेळाने विजेचा इशारा देतो. मेंदूचा हुकूम नसला तरी तो देत राहतो; मज्जातंतू फक्त त्याचा वेग कमी-जास्त करतात. हा इशारा दोन्ही अलिंदांतून पसरतो त्याची नोंद म्हणजे पी लाट. ती लहान असते कारण अलिंदांच्या भिंती पातळ असतात. थोडे स्नायू, थोडी वीज. निरोगी माणसात तिची उंची अडीच लहान चौकटींच्या आत आणि रुंदी तीन चौकटींच्या आत राहते. पी लाटाच नसतील, त्याऐवजी रेघ बारीक थरथरत असेल आणि ठोके वेळीअवेळी पडत असतील, तर अलिंदांतली शिस्त मोडली आहे. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणतात ते हेच. आपल्या कामगाराच्या पट्टीवर प्रत्येक ठोक्याआधी एक पी आहे. म्हणजे ठोका जिथून सुरू व्हायला हवा तिथूनच सुरू होतोय, फक्त संथ.

पी नंतर रेघ काही क्षण सपाट होते. काहीच घडत नसल्यासारखी दिसणारी ही जागा खरं तर फार कामाची आहे. अलिंदं आणि खालचे दोन कप्पे, म्हणजे निलयं, यांच्यामध्ये वीज न वाहणारा तंतूंचा पडदा असतो. निरोगी हृदयात त्यातून जायला एकच फाटक आहे: एव्ही नोड नावाची पेशींची छोटी गाठ. इथे वीज मुद्दाम रेंगाळते. अलिंदं आकुंचन पावून उरलेलं रक्त खाली ढकलतात, तेवढा वेळ निलयांना थांबवणं हे तिचं काम. जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा याने १९०६ मध्ये या गाठीचं सविस्तर वर्णन केलं. पी च्या सुरुवातीपासून पुढच्या उंच लाटेच्या सुरुवातीपर्यंतच्या अंतराला पीआर अंतर म्हणतात. ते तीन ते पाच लहान चौकटी असावं, म्हणजे ०.१२ ते ०.२० सेकंद.

कामगाराच्या पट्टीवर सहा चौकटी आहेत. ०.२४ सेकंद. निरोप पोहोचतोय, पण उशिरा. नाडी संथ, फाटकावर विलंब. या दोन गोष्टी एकत्र आल्या की अनुभवी डोळा पुढे कुठे पाहायचं ते आधीच ठरवतो, कारण बहुतेक माणसांत एव्ही नोडला रक्त देणारी बारीक फांदी उजव्या हृदयधमनीतून निघते. आणि तीच धमनी हृदयाचा तळाचा भाग पोसते.

फाटक ओलांडलं की विजेला घाई होते. खास तंतूंच्या जाळ्यातून ती दोन्ही निलयांत जवळजवळ एकाच वेळी पसरते. ईसीजी म्हटलं की डोळ्यांसमोर येणारा टोकदार सुळका इथे उमटतो: आधी कधीकधी छोटा खाली उतरणारा क्यू, मग उंच आर, मग खाली जाणारा एस. तिघांना मिळून क्यूआरएस म्हणतात. डाव्या निलयाची भिंत जाड असते, तिलाच संपूर्ण शरीरभर रक्त फेकायचं असतं, म्हणून सुळका पी पेक्षा कितीतरी उंच. आणि तो अरुंद, कारण काम झपाट्याने उरकतं: तीन लहान चौकटींच्या आत, बहुधा दोनच्या आसपास. सुळका रुंद झाला तर वीज नेहमीच्या वाटेने न जाता स्नायूतून रखडत चालली आहे, असं समजायचं. कामगाराचा क्यूआरएस दोन चौकटींचा, नेटका आहे. निलयांतले रस्ते शाबूत आहेत.

इथे नवख्या वाचकाला एक शंका हमखास येते. हृदय एक, ठोका एक, मग पट्टीवर बारा वेगवेगळ्या ओळी कशाला? गावातल्या मैदानावरच्या मिरवणुकीची कल्पना करा. पूर्वेच्या खिडकीतून पाहणाऱ्याला ती आपल्याकडे येताना दिसते, पश्चिमेच्या खिडकीतून पाहणाऱ्याला पाठमोरी. विजेची लाट ज्या खिडकीकडे येते तिथे सुळका वर उठतो, जिच्यापासून दूर जाते तिथे खाली जातो. बारा लीड म्हणजे बारा खिडक्या. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ हृदयाचा तळ पाहतात. लीड एक आणि एव्हीएल डावी वरची बाजू. छातीवरच्या व्ही एक ते व्ही सहा या खिडक्या समोरून डाव्या कुशीकडे सरकत जातात. एव्हीआर ही उजव्या खांद्याकडची खिडकी. तिथे सुळका उलटा दिसणं हेच निरोगीपणाचं लक्षण.

क्यूआरएस संपतो आणि रेघ पुन्हा मूळ पातळीवर येते. पुढच्या लाटेपर्यंतच्या या तुकड्याला एसटी म्हणतात, आणि सकाळच्या त्या दवाखान्यात डॉक्टर सर्वांत आधी हाच तुकडा शोधतात. या वेळी निलयांच्या सगळ्या पेशी एकसारख्या चेतवलेल्या अवस्थेत असतात. सगळीकडे पातळी सारखी, म्हणून मोजायला फरकच नाही आणि म्हणून रेघ सपाट. आता हृदयाच्या एका भागाची धमनी गुठळीने बंद झाली असं धरा. त्या भागातल्या पेशींना प्राणवायू मिळत नाही, त्यांच्या पडद्यांतून पोटॅशियम निसटतं आणि त्यांचा विद्युतभार शेजारच्या निरोगी पेशींशी जुळेनासा होतो. आजारी आणि निरोगी भागांत वीज वाहू लागते. जी रेघ सपाट राहायला हवी ती त्या भागावरच्या खिडकीत उचलली जाते. समोरासमोरच्या खिडकीत तीच रेघ खाली दबते. एकच घटना, दोन बाजूंनी पाहिलेली.

कामगाराच्या पट्टीवर लीड तीनमध्ये एसटी तीन मिलिमीटर उचललेली आहे, लीड दोनमध्ये दोन, एव्हीएफमध्ये अडीच. तिन्ही खिडक्या तळाच्या. उलट लीड एकमध्ये ती एक मिलिमीटर दबली आहे आणि एव्हीएलमध्ये दोन. हे आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. आइन्थोव्हेनचा नियम सांगतो की लीड एक आणि लीड तीन यांची बेरीज लीड दोन इतकी येते: उणे एक अधिक तीन, बरोबर दोन. हातपायांच्या खिडक्यांसाठी लागून असलेल्या दोन लीडमध्ये एक मिलिमीटर उचल ही डॉक्टर धरतात ती मर्यादा. इथे ती तीन ठिकाणी ओलांडली आहे, आणि समोरच्या बाजूला दबल्याची साक्षही आहे. लीड तीनची उचल लीड दोनपेक्षा जास्त असणं हा उजव्या धमनीकडे बोट दाखवणारा आणखी एक पुरावा. संथ नाडी आणि लांबलेलं पीआर यांनी आधीच दिलेला इशारा इथे पक्का होतो. हे पित्त नव्हे. हृदयाच्या तळाला रक्त देणारी धमनी बंद झाली आहे.

एसटी उचललेली दिसली की हृदयविकाराचा झटकाच, असं मात्र नाही. अनेक तरुण, निरोगी पुरुषांत छातीवरच्या काही लीडमध्ये ती मुळातच थोडी उचललेली असते. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आली तर ती एका कोपऱ्यात नव्हे, जवळजवळ सगळ्याच खिडक्यांत उचलली जाते आणि समोरासमोरची दबलेली बाजू सापडत नाही. म्हणून जाणता डॉक्टर किती उचलली एवढ्यावर न थांबता, कुठे उचलली आणि समोर काय दिसतंय, हेही विचारतो.

एसटीच्या पुढचा रुंद, मंद चढाचा डोंगर म्हणजे टी लाट. निलयांच्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत होत असल्याची ही नोंद. चेतवणं झपाट्याने होतं, पूर्ववत होणं सावकाश, म्हणून क्यूआरएस सुळक्यासारखा आणि टी टेकडीसारखी. हे काम बरंचसं पोटॅशियमवर अवलंबून असल्याने टी लाट रक्तातल्या क्षारांची चुगली करते. मूत्रपिंडं निकामी झालेल्या आणि डायलिसिस चुकलेल्या रुग्णात पोटॅशियम वाढलं की टी उंच, अरुंद, तंबूच्या टोकासारखी होते. आणखी वाढलं तर पी नाहीशी होत जाते आणि सुळका पसरतो. उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम घटलं की टी चपटी होते आणि तिच्यामागे यू नावाची एक छोटी लाट डोकावते.

कोकणात टी आणि एसटीचा संबंध आणखी एका गोष्टीशी आहे: लाल विंचू. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना या दंशाचे रुग्ण जवळून पाहिले. विंचवाचं विष शरीरातले अॅड्रेनलिनसारखे पदार्थ एकदम सांडतं, रक्तदाब उसळतो, हृदयाच्या स्नायूवर ताण येतो आणि ईसीजीवर टी व एसटी बदलतात. म्हणजे धमनीत गुठळी नसतानाही पट्टी झटक्यासारखी दिसू शकते. बावस्करांची निरीक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने मृत्यू टाळता येतात हे त्यांनी दाखवलं. पालघरच्या आरोग्य केंद्रातही अंगणात, लाकडांच्या ढिगात किंवा कौलाखाली विंचू चावल्याची हकीकत पट्टीइतकीच महत्त्वाची ठरते.

आता पुन्हा दवाखान्यात. तळाचा झटका दिसताच जाणता डॉक्टर आणखी एक पट्टी काढतो. छातीवरचा व्ही चारचा कप उचलून उजव्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर लावतो. उजवी धमनी वरच्या अंगाला बंद असेल तर उजवं निलयही सापडतं आणि ते या खिडकीत दिसतं. हे कळणं का गरजेचं? छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय घराघरांत आहे. ती गोळी शिरा सैल करते आणि हृदयाकडे परतणारं रक्त कमी करते. उजवं निलय जखमी असेल तर ते त्या परतणाऱ्या रक्तावरच कसंबसं तग धरून असतं. गोळी दिली की रक्तदाब एकदम कोसळू शकतो. आपल्या कामगाराच्या या जास्तीच्या पट्टीवर एसटी एक मिलिमीटर उचललेली आहे. गोळी बाजूला राहते. अॅस्पिरिन चावायला दिली जाते.

पुढचा हिशेब अंतराचा. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात जाऊन साधारण दोन तासांच्या आत धमनी उघडता येईल का? महामार्गावरची, घोडबंदरकडची गर्दी लक्षात घेता ते जमणार नसेल, तर रक्तस्रावाचा धोका तपासून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच द्यायचं आणि मग पुढे पाठवायचं. पट्टी उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असते, ती उन्हात आणि काळाने फिकी पडते. म्हणून फोटो काढून, त्यावर वेळ लिहून, रुग्णाच्या पुढे पाठवलेला बरा.

पहिली पट्टी साफ आली असती तर? तरी सुटका नव्हती. गुठळी बसत-निसटत असते, आणि हृदयाच्या पाठीमागच्या भागावर नेहमीच्या बारांपैकी एकही खिडकी सरळ उघडत नाही. दुखणं चालू असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा, लागल्यास पाठीवर कप लावायचे आणि रक्तातलं ट्रोपोनिन तपासायचं. ‘ईसीजी नॉर्मल आहे, घरी जा’ या एका वाक्यामुळे दगावलेली माणसं आहेत.

आपल्या कामगाराला इंजेक्शन इथेच दिलं गेलं. त्यानंतर दीड तासाने त्याची पुन्हा पट्टी काढली. लीड तीनमधली एसटी तीनवरून एक मिलिमीटरवर आली आहे. निम्म्याहून जास्त उतरली, म्हणजे धमनीतून रक्त पुन्हा वाहू लागल्याची मोठी शक्यता. मध्ये काही मिनिटं रुंद सुळक्यांची एक रांग येऊन गेली होती. सोबतचा माणूस ती पडद्यावर पाहून घाबरला, पण रक्त परतताना अशी रांग अनेकदा येते आणि आपोआप जाते. पीआर आता साडेचार चौकटी, दोन सुळक्यांमध्ये मोठ्या चौकटी चार. लीड तीनमध्ये एक अरुंद क्यू उमटला आहे आणि त्याच्यामागची टी लाट उलटी व्हायला लागली आहे. रुग्णवाहिका दाराशी येते तेव्हा तिन्ही पट्ट्या वेळा लिहून त्याच्या केसपेपरला टाचलेल्या असतात, पहिली वर आणि बाकीच्या तिच्याखाली.